बायोडाटातलं वाक्य आणि त्यावरचे तीन प्रश्न

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, की तू पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहेस, मुलाखती घेतेस, तर नोकरीबद्दल काहीतरी बोल. इथे बसलेल्यांपैकी निम्म्या जणांची मुलं आता नोकरी शोधण्याच्या वयाची आहेत, आणि आपल्यातले काही जण पंचेचाळिशीत स्वतःच पुन्हा नोकरी शोधतायत. म्हणून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. जुन्या बायोडाटात फुगवून लिहिलेली वाक्यं मुलाखतीत टिकतील अशी कशी करायची, एवढंच.

उदाहरण आपल्याच वर्गातलं आहे. आपल्या एका मित्राने ते सांगायची परवानगी दिली, नाव न घेण्याच्या अटीवर. तो नगरमध्ये एका छोट्या कंपनीत होता. दूध संकलन केंद्रांना लागणारं सॉफ्टवेअर ही कंपनी बनवायची. पुढे वडील आजारी पडले, म्हणून त्याने नोकरी सोडली आणि घरचं कृषी सेवा केंद्र सांभाळलं. आता दुकान धाकटा भाऊ बघतो, मुलीची इंजिनिअरिंगची फी भरायची आहे, आणि याला पुन्हा नोकरी हवी आहे. त्याने मला जुना बायोडाटा पाठवला. तो नोकरी सोडताना एका क्लासवाल्याकडून करून घेतलेला होता. मूळ इंग्रजीत आहे, मी मराठीत सांगते. त्यात ही वाक्यं होती: ‘दुग्ध उद्योगासाठी संपूर्ण ईआरपी प्रणालीची रचना आणि निर्मिती केली.’ ‘प्रणालीचा वेग ३०० टक्क्यांनी वाढवला.’ ‘९९.९९ टक्के अपटाइम राखला.’ ‘बारा जणांच्या टीमचं नेतृत्व केलं.’ आणि सगळ्यात वर, ‘सात वर्षांहून अधिक अनुभव.’

मुलाखत घेणाऱ्याच्या खुर्चीतून हे कसं दिसतं ते आधी सांगते. आम्ही बायोडाटा खरा की खोटा हे वाचून ठरवत नाही. आम्ही त्यातलं एक वाक्य उचलतो आणि खाली उतरत जातो. पहिला प्रश्न असतो, यात तुमचं काम नेमकं कोणतं? दुसरा, ते तुम्ही तसंच का केलं, दुसरा मार्ग का नाही? तिसरा, ते चाललं हे तुम्हाला कशावरून कळलं? काम केलेला माणूस जसजसा खाली उतरतो तसतसा मोकळा बोलायला लागतो, कारण खाली त्याच्या ओळखीची जमीन असते. न केलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला ‘आम्ही’ म्हणायला लागतो आणि तिसऱ्याला पुस्तकातली व्याख्या सांगतो. एक वाक्य असं कोसळलं, की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरचाही विश्वास जातो. तोटा खरा इथे होतो.

मग आम्ही दोघं एका रविवारी फोनवर बसलो आणि एकेका वाक्याला हे तीन प्रश्न लावले.

पहिलं वाक्य, ‘संपूर्ण ईआरपी’. मी विचारलं, यातलं तू काय लिहिलंस? तो म्हणाला, “अगं, प्रॉडक्ट आधीपासून होतंच. आम्ही चौघं होतो. माझ्याकडे दर चार्ट आणि दहा दिवसांचं बिल होतं. आणि फॅटच्या मशीनमधून आकडे कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा भाग.” हिशेबाचं खातं कोण लिहायचं? दुसरा कोणी. पशुखाद्याची उधारी? तिसरा. म्हणजे मुलाखतीत कोणी खातेवहीबद्दल विचारलं असतं, तर हा तिथेच अडकला असता.

तो थोडा खट्टू झाला. म्हणाला, “मग उरलं काय? दर चार्ट ही काय सांगायची गोष्ट आहे?” मी म्हटलं, मला दर चार्ट समजावून सांग.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाई आहेत त्यांना हे माझ्याहून जास्त ठाऊक आहे. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, आणि फॅट, एसएनएफ वरखाली झाला की दर बदलतो. या सगळ्या जोड्यांचा तक्ता म्हणजे दर चार्ट. दूध सकाळ-संध्याकाळ येतं, बिल दहा दिवसांनी निघतं. आता समजा ११ ते २० तारखेचं बिल आहे आणि १६ तारखेच्या सकाळपासून दर लिटरमागे दोन रुपयांनी उतरला. जुना प्रोग्रॅम बिल काढताना शेवटचा चार्ट घ्यायचा आणि दहाही दिवसांना तोच लावायचा. रोज चाळीस लिटर घालणाऱ्या माणसाला पहिल्या पाच दिवसांचे चारशे रुपये कमी मिळायचे. केंद्रचालक ते हाताने दुरुस्त करायचा, आणि कुणाचं तरी राहून जायचं. आपल्या मित्राने प्रत्येक चार्टला ‘कोणत्या तारखेपासून’ आणि ‘सकाळ की संध्याकाळ’ असे दोन रकाने जोडले, आणि प्रत्येक वेळच्या दुधाला त्या वेळी लागू असलेलाच चार्ट लागेल अशी व्यवस्था केली.

हे त्याच्या बायोडाटात कुठेच नव्हतं! ‘संपूर्ण ईआरपी’ या दोन शब्दांनी त्याचं सगळ्यात चांगलं काम झाकून टाकलं होतं. फुगवलेल्या वाक्याचा हा दोष मला खोटेपणाइतकाच मोठा वाटतो. ते इतकं मोठं असतं, की त्यात माणूस दिसत नाही.

नवीन वाक्य असं झालं: ‘दूध संकलन केंद्रांच्या प्रणालीवर चार जणांच्या टीममध्ये काम. दर चार्ट आणि दहा दिवसांचं बिल हे विभाग माझ्याकडे. बिलाच्या मधल्या तारखेला दर बदलला तरी प्रत्येक सत्राला त्या वेळचाच दर लागेल असा बदल केला.’ यावर कोणी विचारलं, की दर मागच्या तारखेपासून बदलला तर काय, तर त्याच्याकडे उत्तर आहे. एकतीस दिवसांच्या महिन्यात शेवटचं बिल अकरा दिवसांचं निघतं, त्याचं काय केलं, तर तेही आहे.

दुसरं वाक्य, ‘३०० टक्के वेग’. हा आकडा कुठून आला हे त्याला आठवेना. क्लासवाल्याने सांगितलं होतं, की बायोडाटात टक्के असले की वजन पडतं. पण टक्का आला की प्रश्न येतो, कशाचे टक्के? आधी किती होतं, नंतर किती झालं, आणि कोणी मोजलं?

तेव्हा त्याने गोष्ट सांगितली. एका केंद्रावर सहाशे उत्पादक होते. दहा दिवस, दिवसातून दोनदा, म्हणजे प्रत्येकाच्या वीस नोंदी आणि एकूण बारा हजार. जुना प्रोग्रॅम प्रत्येक नोंद डेटाबेसमधून वेगळी मागायचा आणि तिचा दरही वेगळा मागायचा. म्हणजे चोवीस हजार खेपा. एका खेपेला सेकंदाचा दहावा भाग धरला तरी २४०० सेकंद होतात, म्हणजे चाळीस मिनिटं. याने सगळ्या नोंदी एकाच खेपेत आणल्या, चार्ट एकदाच मेमरीत घेतला, आणि गुणाकार तिथेच केला.

मी विचारलं, चाळीस मिनिटं हे हिशेबाने म्हणतोस की घड्याळाने? तर माळ्यावरच्या पेटीत त्याच्या सर्व्हिस रिपोर्टच्या कार्बन कॉप्या निघाल्या. केंद्रावर जाऊन आलं की सही घ्यायची ती चोपडी. बदल करण्याआधीच्या भेटीत लिहिलं होतं, बिल सुरू ७.१०, पूर्ण ७.५०. नंतरच्या दोन भेटींत पाच मिनिटांच्या आत. आता गणित बघा. वेग ३०० टक्क्यांनी वाढला म्हणजे चौपट झाला. चाळिसाचे पाच म्हणजे आठपट. त्याने फुगवून लिहिलेला आकडा खऱ्यापेक्षा लहान होता! आणि तरीही मुलाखतीत तोच त्याला बुडवणार होता, कारण त्याच्याखाली काहीच नव्हतं.

नवीन वाक्य: ‘सुमारे ६०० उत्पादकांच्या एका केंद्रावर दहा दिवसांचं बिल काढण्याचा वेळ साधारण ४० मिनिटांवरून ५ मिनिटांच्या आत आणला.’ यात ‘एका केंद्रावर’ हे शब्द मुद्दाम ठेवले. बाकीच्या केंद्रांवर त्याने मोजलं नव्हतं. आणि त्या चोपडीची फोटोकॉपी मुलाखतीला न्यायची नाही असंही ठरवलं, कारण तिच्यावर ग्राहकाचं नाव आणि सही आहे. आकडा आपला आहे, ग्राहकाचा कागद आपला नाही.

चोपडी नसती तर? तर टक्के लिहायचे नाहीत. ‘चोवीस हजार खेपांच्या जागी मोजक्याच खेपा केल्या’ एवढं लिहायचं. काय बदललं हे सांगणंसुद्धा पुरतं. आठवणीतून आकडा द्यायचाच असेल तर ‘अंदाजे’ हा शब्द जोडायचा, आणि अंदाज कसा बांधला ते विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. आपल्याला गणितात रीत लिहिल्याचे गुण मिळायचे, नुसत्या उत्तराचे नाही. इथेही तसंच आहे.

तिसरं वाक्य, ‘९९.९९ टक्के अपटाइम’. यावर मात्र मला हसू आलं. वर्षाची मिनिटं होतात ५,२५,६००. त्यातला ०.०१ टक्का म्हणजे साधारण ५३ मिनिटं. म्हणजे वर्षभरात सगळी मिळून ५३ मिनिटंच प्रणाली बंद होती असा हा दावा. आणि काळ कोणता? २०१० च्या आसपासचा, जेव्हा आपल्याकडे खेड्यात रोज कित्येक तास लोडशेडिंग असायचं. ५३ मिनिटं एका दुपारीच संपत होती. त्याने हे कधी मोजलंही नव्हतं. हे वाक्य आम्ही पूर्ण खोडलं.

पण खोडताना विचारलं, की मग दूध घेताना मध्येच वीज गेली तर काय व्हायचं? तो म्हणाला, “पावती छापायच्या आधी नोंद डिस्कवर जायची. परत सुरू केलं की पुढच्या नंबरापासून चालू. पावती हातात आहे पण नोंद नाही, असं होऊ नये म्हणून मी तो क्रम बदलला होता.” हे लिहायचं! उलट बाजूही त्याला विचारली. नोंद झाली आणि पावती छापायच्या आधी वीज गेली तर? तो म्हणाला, सुरू झाल्यावर शेवटची नोंद पडद्यावर दाखवायची आणि पावती पुन्हा छापायची सोय होती. ज्या उणिवेचं उत्तर आपण आधीच शोधलं आहे, तिची भीती वाटत नाही.

चौथं, ‘बारा जणांच्या टीमचं नेतृत्व’. बारा म्हणजे कोण? दोन नवीन मुलं, आणि फोनवर बोलणारे दहा केंद्रांचे ऑपरेटर. ऑपरेटर त्याच्या टीममध्ये नव्हतेच, ते ग्राहक होते. नेतृत्व म्हटलं की मुलाखतीत विचारतात, कुणाचं काम कमी पडलं तेव्हा तुम्ही काय केलंत, रजा कोण मंजूर करायचं, पगारवाढीची शिफारस कोणाची? हे अधिकार त्याच्याकडे नव्हते. म्हणून लिहिलं: ‘दोन नवीन सहकाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, त्यांचा कोड तपासला. दहा केंद्रांच्या ऑपरेटरांना फोनवर आणि प्रत्यक्ष मदत केली.’ हे वाचून मला वाटलं, की लोकांशी बोलू शकणारा माणूस आहे. ‘लीड’ या एका शब्दातून मला ते कळलं नसतं.

शेवटचं, ‘सात वर्षांहून अधिक’. बायोडाटात होतं २००९ ते २०१६. महिने लिहिले तेव्हा नोव्हेंबर २००९ ते फेब्रुवारी २०१६, म्हणजे सहा वर्षं चार महिने. फरक थोडा आहे, पण तपासणी नेमकी इथेच होते. मोठ्या कंपन्या नोकरी देताना मागच्या नोकऱ्यांच्या तारखा पडताळून घेतात. भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख असते. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या छोट्या कंपनीला हा निधी बहुधा लागू नसतो. तेव्हा नेमणूकपत्र, कार्यमुक्तीचं पत्र, पगार जमा झालेलं बँक पासबुक हे कागद लागतात. आपल्या मित्राचं दुसऱ्याच प्रकारात होतं. त्याने पासबुकाची जुनी पानं बँकेतून काढून आणली, आणि मगच महिने लिहिले.

२०१६ नंतरची जागा त्याने आधी ‘फ्रीलान्स सल्लागार’ अशी भरायची ठरवली होती. मी विचारलं, कुणाला सल्ला दिलास, बिल कुठे आहे? तो गप्प झाला. मग सरळ लिहिलं, ‘२०१६ पासून कुटुंबाचं कृषी सेवा केंद्र चालवलं, साठा आणि उधारीचा हिशेब स्वतः बनवलेल्या एक्सेलच्या फायलीत ठेवला.’ दुकान चालवणं ही लपवायची गोष्ट नाही. लपवलं की मात्र तिला तसा वास येतो.

तारीख आणि पदवी या दोन बाबतीत तर जराही ताणायचं नाही, कारण त्या कुणालाही, केव्हाही तपासता येतात. २०१२ च्या जानेवारीत स्कॉट थॉम्पसन हे याहू या कंपनीचे प्रमुख झाले. त्यांच्या परिचयात हिशेबशास्त्राबरोबर संगणकशास्त्राची पदवी लिहिली होती. प्रत्यक्षात पदवी फक्त हिशेबशास्त्राची होती. कंपनीच्या एका भागधारकाने ते शोधून काढलं, आणि मे महिन्यात त्यांना पद सोडावं लागलं. त्या पदावरच्या कामाला ती पदवी लागतही नव्हती.

आता यातल्या अडचणीही सांगते. पहिली अशी, की जुना बायोडाटा मरत नाही. तो नोकरीच्या संकेतस्थळांवर, लिंक्डइनवर, एजंटाच्या मेलमध्ये पडून असतो. नवीन लिहिला की आधी ती सगळी ठिकाणं शोधून बदलायची, नाहीतर मुलाखत घेणाऱ्याच्या हातात दोन वेगळे कागद येतात. कोणी विचारलंच, की जुन्यात बारा जण होते, इथे दोन कसे, तर एका वाक्यात उत्तर द्यायचं: ‘जुना मसुदा ढोबळ होता, हा मी तपासून लिहिला आहे, यातलं काहीही विचारा.’ एवढं बोलून थांबायचं. पाल्हाळ लावला की संशय वाढतो.

दुसरी अडचण मोठी आहे. खरा बायोडाटा लहान होतो, आणि चाळणीत कधी कधी आधीच गळतो. कंपन्या शब्द शोधतात. त्यावर एकच उपाय आहे, जाहिरातीतला शब्द आपल्या कामाला खरोखर लागू होत असेल तर तो वापरायचा. आपल्या मित्राने ‘डेटाबेस’, ‘बिलिंग’, ‘हार्डवेअर इंटिग्रेशन’ हे शब्द घातले, कारण फॅटचं मशीन सीरियल पोर्टने जोडण्याचं काम त्याने केलं होतं. ‘क्लाउड’ घातला नाही, कारण तो त्याने वापरलेला नाही. जुन्या यादीत चौदा तंत्रज्ञानं होती. प्रत्येकासमोर शेवटचं कधी वापरलं ते वर्ष लिहायला लावलं, तेव्हा चारच उरली.

मग आम्ही तीन वेळा खोटी मुलाखत केली. प्रत्येक वाक्यावर तीन प्रश्न, आणि उत्तर दोन मिनिटांच्या आत. पहिल्या वेळी तो दर चार्टवर अकरा मिनिटं बोलला! तिसऱ्या वेळी दीड मिनिटात संपवलं, आणि ‘आम्ही’ आणि ‘मी’ योग्य ठिकाणी आले.

पुढे काय झालं ते तुम्ही विचारणारच. पहिल्या ठिकाणी नकार आला, त्यांना गेल्या पाच वर्षांतला अनुभव हवा होता. तो नकार योग्य होता, आणि कारण त्याला तोंडावर कळलं. दुसऱ्या ठिकाणी अर्धी मुलाखत बिलाच्या मधल्या दरबदलावरच झाली. समोरच्याने फळ्यावर तारखा लिहून विचारलं, १६ च्या संध्याकाळी चार्ट आला आणि सकाळपासून लागू आहे, तर? त्याने उठून फळ्यावर उत्तर लिहिलं. त्या नोकरीत पद त्याच्या अपेक्षेपेक्षा एक पायरी खाली आहे, पगारही कमी आहे. तो मागच्या महिन्यात रुजू झाला.

तर मित्रमैत्रिणींनो, घरी गेल्यावर आपला किंवा मुलांचा बायोडाटा काढा. पेन्सिल घ्या. प्रत्येक वाक्यासमोर लिहा: यात माझं काम कोणतं, तसंच का केलं, कशावरून कळलं. ज्या वाक्यासमोर तिन्ही जागा भरतील ते ठेवा. एक-दोन भरतील ते लहान करा. एकही भरली नाही तर खोडा, पण खोडण्याआधी विचारा, की तिथे प्रत्यक्षात काय घडलं होतं. आणि कुणाला दुसऱ्याने प्रश्न विचारायला हवे असतील, तर मला रविवारी फोन करा.